राइट्स इश्यूचं पत्र: "सवलतीच्या भावाने तुमचं काहीही जात नाही" हे वाक्य ठेवू की काढू?

ताळेबंद_वेर्णा

नमस्कार मंडळी. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लिस्टेड कंपनीच्या वित्त विभागात आहे. नाव लिहीत नाही, आणि खालचे आकडेही सोपे करून बदललेत, तेव्हा कंपनी शोधण्यात वेळ घालवू नका.

आमचा राइट्स इश्यू येतोय. सीएफओ साहेबांनी भागधारकांसाठी इंग्रजीत पत्र लिहिलं. पण आमचे बरेच भागधारक इथलेच: निवृत्त कामगार, फोंडा-सासष्टी-बार्देशातली जुनी मंडळी, ज्यांनी पब्लिक इश्यूत शेअर घेतले आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. साहेब म्हणाले, त्यांच्यासाठी मराठीत वेगळं पत्र लिही, भाषांतर करत बसू नकोस. लिहिलंय ते असं:

> माननीय भागधारक,
>
> सप्रेम नमस्कार. आपल्या डिमॅट खात्यात कंपनीच्या नावाची एक नवी नोंद दिसेल, नावाच्या शेवटी RE अशी अक्षरं असलेली. ते शेअर नाहीत. तो नवे शेअर घेण्याचा हक्क आहे आणि त्याला मुदत आहे.
>
> पैसे कशाला हवेत ते आधी सांगतो. नव्या प्लांटसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज आज कंपनीच्या नफ्यातला मोठा वाटा नेतं. इश्यूतून येणाऱ्या रकमेतला बहुतेक भाग त्या कर्जाची मुदतीआधी परतफेड करण्यात जाईल.
>
> दर ४ शेअरमागे १ नवा शेअर, भाव ७० रुपये. बाजारात आज भाव १२० रुपये आहे. मग पन्नास रुपये कमी घेऊन कंपनी आपलं नुकसान करून घेत नाही का, असं मला अनेकांनी विचारलं. बाहेरच्या कुणाला हे शेअर दिले असते तर नुकसान झालंच असतं, आणि ते तुमचं झालं असतं. इथे स्वस्तात घेणारे तुम्ही आणि ज्यांच्या मालकीतून स्वस्तात दिलं जातंय तेही तुम्हीच.
>
> समजा तुमच्याकडे ४०० शेअर आहेत. १२० च्या भावाने ते ४८,००० रुपयांचे. तुम्हाला १०० नव्या शेअरचा हक्क मिळतो, त्यासाठी तुम्ही ७,००० रुपये भरता. आता तुमच्याकडे ५०० शेअर आणि त्यांची किंमत ४८,००० अधिक ७,००० म्हणजे ५५,००० रुपये. पाचशेने भागलं की एका शेअरचे ११० रुपये. इश्यूनंतर भाव १२० वरून ११० ला दिसला, तर ते दहा रुपये हरवलेले नाहीत, नव्या शेअरांत गेलेले आहेत.
>
> पैसे भरायचे नसतील तर हक्क विकता येतात. ११० चा शेअर ७० ला मिळवून देणारा हक्क ४० रुपयांचा. शंभर हक्कांचे ४,००० आणि जुन्या ४०० शेअरांचे ४४,०००. बेरीज पुन्हा ४८,०००.
>
> थोडक्यात, सवलतीच्या भावाने तुमचं काहीही जात नाही.
>
> आपला,
> मुख्य वित्त अधिकारी

शेवटचं वाक्य साहेबांना ठळक अक्षरांत हवंय. गणित मी तीनदा तपासलं, बरोबर आहे. तरी ते वाक्य टाइप करताना हात अडखळतो. का, ते नीट सांगता येत नाही. म्हणून इथे टाकलं.

---

बाजारबुणगा_म्हापसा

हात अडखळतो कारण वाक्य खोटं आहे. १२० चा शेअर ११० झाला, याला आमच्याकडे नुकसानच म्हणतात. शेअरांची संख्या वाढली, नफा तेवढाच, म्हणजे दर शेअरमागे कमाई घटली. फेणीत पाणी घालायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, बाटली मोठी झाली! इश्यू ११५ ला काढला असता तर एवढं पाणी पडलं नसतं. ७० चा भाव प्रमोटरला स्वस्तात शेअर मिळावेत म्हणूनच असतो. हे मी चार कंपन्यांत बघितलंय.

---

जुनाहिशेब

रजिस्ट्रारच्या कचेरीत राइट्सचे अर्ज कागदी असल्यापासून काम केलंय, म्हणून दोन शब्द.

म्हापसेकर बाब, पाणी नाही पडत. पडते ती सत्तर रुपयांचीच, पण फेणी. त्या पैशातून कर्ज फिटतं, व्याज वाचतं, तेव्हा नफा "तेवढाच" राहत नाही. वाचलेलं व्याज नव्या शेअरांच्या वाट्याला पुरेसं आहे का, हा प्रश्न मात्र योग्य आहे. पण तो पैसा उभारावा की नाही याचा प्रश्न झाला, सवलतीचा नव्हे. हे दोन एकत्र केले की कुठलाच सुटत नाही.

सवलत एकटी बाजूला काढून बघा. कंपनीला दर ४ शेअरमागे ७० रुपये हवेत. एक शेअर ७० ला देऊन ते मिळतात, तसेच दोन शेअर ३५ ला देऊनही मिळतात. ३५ चा भाव ऐकून तुम्ही आणखी ओरडाल. पण ४०० वाल्याचं बघा: २०० नवे शेअर, पैसे तेच ७,०००, एकूण ६०० शेअर, भाव साधारण ९१ रुपये ६७ पैसे, किंमत तीच ५५,०००. भाव सत्तर ठेवा नाहीतर पस्तीस, जो आपला वाटा घेतो त्याला एक रुपयाचाही फरक पडत नाही.

आता ११५ ला का नाही. इश्यू काही दिवस उघडा असतो. त्या दिवसांत बाजार जरा घसरून भाव ११२ झाला, तर बाजारात ११२ ला मिळणारा शेअर कंपनीकडून ११५ ला कोण घेईल? कमीत कमी ९० टक्के अर्ज आले नाहीत, तर साधारणपणे आलेला सगळा पैसा परत करावा लागतो. सवलत आहे ती या घसरणीसाठी. ७० चा भाव ठेवल्यावर शेअर १२० वरून ९० ला आला तरी इश्यू भरतो.

वेर्णेकर ताई, तुमच्या पत्रात भाग घेणारा आहे, हक्क विकणारा आहे. तिसरा कुठाय? जो पत्र वाचून फडताळात ठेवतो तो?

---

ताळेबंद_वेर्णा

तिसऱ्याचं गणित मांडून बघितलं. ४०० शेअर, भाव ११०, हातात ४४,०००. हक्क रद्द. म्हणजे ४,००० गेले.

आणि ३५ चा भाव असता तर ४०० शेअर ९१.६७ ने साधारण ३६,६७०, म्हणजे ११,३०० च्या वर गेले असते.

---

जुनाहिशेब

आता कळलं हात कुठे अडखळत होता ते. सवलत जेवढी मोठी तेवढा स्वस्थ बसणाऱ्याचा तोटा मोठा. बाकी कुणाला सवलतीचा फरक पडत नाही, फक्त त्यालाच पडतो. आणि तुमचे भागधारक कोण, तर "पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही" असे. हे तुमचेच शब्द. ज्याला ते वाक्य लागू नाही नेमक्या त्याच माणसाला तुम्ही ते ठळक अक्षरांत पाठवताय.

---

कुळागर७

छान माहिती. माझ्याही खात्यात एका कंपनीचे ५० आरई आलेत. बोनस लागला असं धरून चाललोय. फुकट आलेत तर राहू देत, पाच-दहा वर्षांत काहीतरी होईल ना? की लाँग टर्मसाठी अजून थोडे घेऊन ठेवू? सध्या फारच स्वस्त दिसतायत.

---

डिमॅटवाली_मडगाव

कुळागर, अहो थांबा! बोनस नाही तो. इश्यू बंद झाला की न वापरलेली आरई खात्यातून उडते, पाच वर्षं सोडाच, पाच दिवसही टिकत नाही. एक तर बँकेच्या नेट बँकिंगमधून अस्बाने, म्हणजे अर्जाचे पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवून, अर्ज करा, नाहीतर विका. आजच बघा, तारीख काय आहे ती.

मी मडगावात ब्रोकरच्या ऑफिसात बसते. रिलायन्सच्या मे २०२० च्या इश्यूपासून आरई म्हणून काहीतरी असतं हे लोकांना ठाऊक झालं, पण अर्धवट. तेव्हा १५ शेअरमागे १, भाव १,२५७ आणि अर्जासोबत पाव रक्कम भरायची होती. आरई विकत घेतली की शेअर मिळाला असं समजणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आरईचे पैसे दिले म्हणजे फक्त अर्ज करायचा अधिकार घेतला. अर्ज वेगळा करायचा, त्याचे पैसे वेगळे भरायचे. आरई घेऊन अर्ज विसरलेला माणूस सगळंच घालवतो, आणि मग ऑफिसात येऊन आमच्याशी भांडतो.

वेर्णेकर मॅडम, पत्रात "इश्यू बंद होण्याची तारीख" एवढीच घालू नका. आरईची बाजारातली खरेदी-विक्री त्याआधीच काही कामकाजी दिवस बंद होते. ज्याला विकायचंय त्याची खरी मुदत ती. लोक शेवटच्या तारखेला सकाळी येतात, तोवर विकायचं दार बंद झालेलं असतं आणि अर्ज करायला हातात पैसे नसतात.

दुसरं, ४० रुपये हे कागदावरचे. लहान कंपनीच्या आरईला गिऱ्हाइक कमी. शेअर ११० ला चालू असताना आरई ३३-३४ ला मागितलेली मी रोज बघते. शेवटच्या दोन दिवसांत सगळे विकायला निघतात तेव्हा आणखी खाली. घेणाऱ्याला त्यात अर्ज करायची कटकट आहे, पैसे अडकवून ठेवायचेत, शेअर यायला वेळ लागतो, तो त्याची किंमत कापूनच घेतो. शिवाय आरई विकून आलेली सगळी रक्कम नफा धरतात, कारण खरेदी किंमत शून्य. तो नफाही अल्पमुदतीचा. म्हणजे तुमच्या ४,००० मधले दलाली, कर आणि पडता भाव वजा करून किती उरतात ते बघा. "काहीही जात नाही" हे विकणाऱ्यालाही पुरतं खरं नाही.

---

बाजारबुणगा_म्हापसा

बघा, म्हटलं नव्हतं!

---

जुनाहिशेब

तुम्ही म्हटलं ते वेगळं होतं, बाब. पण डिमॅटवाली बाईंचा मुद्दा सोळा आणे. म्हणून ज्याच्याकडे पूर्ण ७,००० नाहीत त्याला मी मधली वाट सांगत असे. थोडे हक्क विकायचे आणि आलेल्या पैशांत उरलेल्यांचे शेअर घ्यायचे. ४० भाव मिळाला तर ६४ हक्क विकून २,५६० येतात, ३६ शेअरांना २,५२० लागतात. खिशातून दमडी न घालता ४३६ शेअर. भाव ३३ मिळाला तर जरा जास्त हक्क विकावे लागतील, एवढंच. मात्र असे काही हक्क विकले की मग आपल्या वाट्याच्या वरचे जादा शेअर मागता येत नाहीत, ते जाणून असा.

पत्रात आणखी एक दुरुस्ती. "इश्यूनंतर भाव ११० ला दिसला" असं लिहिलंय. भाव इश्यूनंतर पडत नाही, रेकॉर्ड डेटला सकाळी बाजार उघडतानाच पडलेला दिसतो, कारण त्या दिवशी घेणाऱ्याला हक्क मिळत नाही. पत्र पोचेल तोवर लोकांनी ती पडझड बघितलेली असेल आणि पैसे अजून भरलेलेही नसतील. घाबरतात ते तेव्हा. तो दिवस पत्रात हवा. ११० हाही हिशेबाचा भाव आहे. कर्ज फेडायचं म्हणजे कंपनी अडचणीत आहे असं बाजाराने ठरवलं तर १०४ ला उघडेल, उलट व्याजाचा भार हलका होतोय असं वाटलं तर ११३ ला. तो वरखाली सवलतीमुळे नसतो, पण शेजारचा तुम्हाला ते असं वेगळं करून सांगणार नाही.

---

स्विंडनचो_गोंयकार

देव बरें करूं, बरा धागा. मी गेली बरीच वर्षं इंग्लंडात. इथल्या एका कंपनीचे थोडे शेअर होते, राइट्स आले, मी नाइट शिफ्टमध्ये होतो, लिफाफा उघडलासुद्धा नाही. काही आठवड्यांनी घरी चेक आला. चौकशी केली तर कळलं, ज्यांनी हक्क वापरले नाहीत त्यांच्या वाट्याचे शेअर बाजारात विकले, इश्यूच्या भावाच्या वर जे आलं ते खर्च वजा करून आम्हालाच पाठवलं. स्वस्थ बसणाऱ्यालाही पैसे!

भारतात असं नाही का?

---

जुनाहिशेब

नाही. आणि या धाग्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट मला हीच वाटते. "सवलतीने काही जात नाही" हा सिद्धांत वित्ताच्या पुस्तकांतून येतो, तो तिकडच्या पद्धतीत बऱ्याच अंशी खरा उतरतो, कारण झोपलेल्याचा हक्क त्याच्यासाठी कुणीतरी विकतं. आपल्याकडे न वापरलेला हक्क रद्द होतो, आणि ते शेअर ज्यांनी आपल्या वाट्याच्या वर जादा मागितलेत त्यांना मिळतात. त्यांत प्रमोटर असू शकतात, हक्क विकत घेतलेला बाहेरचाही असू शकतो. स्वस्थ बसलेल्याचे ते ४,००० हवेत विरत नाहीत, जादा अर्ज करणाऱ्याच्या खात्यात जातात. म्हापसेकर बाबांचा प्रमोटरवरचा राग इथे थोडा खरा ठरतो. सवलत त्यांच्यासाठी नसते, पण लोक झोपले तर फायदा त्यांचा होतो.

आपल्याकडेही न वापरलेले हक्क विकून पैसे धारकाला द्यावेत असं माझं जुनं मत. सहकाऱ्यांशी वाद व्हायचे. ते म्हणत, लहान कंपनीच्या इश्यूत शेवटी एवढे शेअर घेणारा कुठून आणणार? त्याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

---

कुंकळ्येचो_नातू

मध्येच माझं घुसडतोय, माफ करा. वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या नावावर एका कंपनीचे कागदी शेअर सर्टिफिकेट आहेत, त्या कंपनीचेही राइट्स आलेत. घरी पत्र आलं ते वडिलांच्या नावे. मी कंपनीला फोन केला तर म्हणाले, तुमचे हक्क सस्पेन्स खात्यात आहेत. आम्ही नोटरीकडे वारसापत्र करून घेतलंय, आई आणि आम्ही दोघे भाऊ. पण समोरचा म्हणतो कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणा. आता काय?

---

डिमॅटवाली_मडगाव

कागदी शेअरवाल्यांच्या आरई कंपनी एका वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवते. हयात भागधारक असता तर इश्यू बंद होण्याच्या दोन कामकाजी दिवस आधीपर्यंत त्याने आपल्या डिमॅट खात्याचा तपशील दिला की त्या त्याच्या खात्यात येतात. तुमच्या बाबतीत आधी शेअर वारसांच्या नावावर चढायला हवेत, त्याशिवाय आरई कुणाच्या खात्यात घालायच्या हा प्रश्न सुटत नाही. मुदत किती उरलीय?

---

कुंकळ्येचो_नातू

अकरा दिवस.

---

जुनाहिशेब

खरं सांगतो, अकरा दिवसांत शेअर नावावर चढणं कठीण. गोव्याबाहेरच्या कचेऱ्यांना आपली नोटरीची वारसाहक्काची नोंद म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. आईचा अर्धा हिस्सा मुळातच तिचा, हे सांगायला गेलं तर आणखी गोंधळतात. २०१२ च्या गोवा वारसा कायद्याची प्रत आणि वारसापत्राचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडून आजच ईमेल करा, कंपनी सेक्रेटरीलाही प्रत पाठवा, लेखी उत्तर मागा. हे हक्क बहुधा जातील. पण शेअर तुमचेच आहेत, ते काम अर्ध्यावर सोडू नका.

---

ताळेबंद_वेर्णा

आज साहेबांसमोर बसले. तिसऱ्या माणसाचं गणित दाखवलं. ते मुकाट्याने बघत राहिले, मग म्हणाले, "हे मला माहीत आहे, पण पत्रात नुकसान हा शब्द घातला की लोक इश्यूलाच घाबरतील." लीगलवाल्यांचं म्हणणं आणखी निराळं: पत्र सल्ल्यासारखं वाचता कामा नये, "विका" किंवा "घ्या" असं कुठेही नको. तासभर ओढाताण झाली. ते ठळक वाक्य गेलं, त्या जागी हे आलं:

> भाव ७० ठेवला म्हणून, आपला वाटा घेणाऱ्याचं काही जात नाही. हक्क विकणाऱ्याला त्या दिवशी बाजारात मिळेल तो भाव मिळेल, तो हिशेबातल्या ४० रुपयांपेक्षा कमी असू शकतो. या दोन्हींपैकी काहीच न केल्यास हक्क मुदतीनंतर रद्द होतो आणि त्याचा मोबदला मिळत नाही. वरच्या उदाहरणात ही रक्कम ४,००० रुपये होते.

रेकॉर्ड डेटचा परिच्छेद घातला. तारखा दोन्ही घातल्या, विक्री बंद होण्याची आधी आणि मोठ्या अक्षरांत. कागदी शेअरवाल्यांसाठी वेगळी पुरवणी जोडतोय.

एक मात्र मान्य झालं नाही. न वापरलेले शेअर कुणाला मिळतील हे पत्रात लिहावं असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, ऑफर लेटरमध्ये आहे, तिथे वाचतील.

---

बाजारबुणगा_म्हापसा

शेकडो पानांचं ऑफर लेटर कोण वाचतो? मी पण वाचत नाही.

---

जुनाहिशेब

प्रमोटर जादा शेअर मागणार आहेत का, एवढं तरी एका ओळीत लिहा म्हणावं. मागणार असतील तर ते ऑफर लेटरमध्ये जाहीर असणारच, मग पत्रात घालायला अडचण कसली?

---

ताळेबंद_वेर्णा

विचारलं होतं. उद्या सांगतो म्हणालेत.

---

कुळागर७

डिमॅटवाली ताई, धन्यवाद. तारीख बघितली. विक्री परवाच बंद झाली, अर्जाला उद्याचा दिवस आहे. अस्बा माझ्या पतसंस्थेत चालतं का?

---

डिमॅटवाली_मडगाव

नाही चालत. अस्बाची सोय असलेल्या बँकेत तुमच्याच नावाचं खातं लागतं. असेल तर पासबुक आणि डिमॅट नंबर घेऊन सकाळी बँक उघडायच्या वेळी तिथे हजर राहा.